नागोबाचा नैवेद्य कुणी खाल्ला?

मराठीच्या पेपरात एक ठरलेला प्रश्न असायचा : अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. त्याचं उत्तर आपण सगळ्यांनी एकाच पद्धतीनं लिहिलं. आधी एक आळशी मुलगा, मग त्याची नापास होण्याची बातमी, मग ‘म्हणतात ना’ आणि शेवटी म्हण. पुढे मोठेपणी कुणी सोसायटीच्या गणेशोत्सवासाठी प्रहसन लिहायला बसतं, कुणी कॉलेजच्या स्पर्धेसाठी एकांकिका लिहितं, आणि हात नकळत त्याच वळणानं चालायला लागतो. पात्र बोलता बोलता थांबतं, ‘आपल्यात म्हण आहे’ असं म्हणतं आणि प्रेक्षकांना पुन्हा बाकावर बसवतं. हशा येत नाही. म्हण जुनी झाली, आजच्या पोरांना कळत नाही, असा निष्कर्ष मग लेखक काढतो.

माझं मत वेगळं आहे. म्हण जुनी झालेली नसते, ती चुकीच्या माणसाच्या तोंडी चुकीच्या कामासाठी दिलेली असते. घरात म्हण कशी वापरली जाते ते आठवून पाहा. आजी ‘असतील शितं तर जमतील भुतं’ म्हणते ते कुणाला जीवनाचं सार सांगायला नव्हे. दारात उभ्या असलेल्या चुलत दिराला ऐकू जावं म्हणून ती स्वयंपाकघरातून मोठ्यानं बोलते. थेट बोलायची सोय नसते, गप्पही बसवत नाही, तेव्हा म्हण बाहेर पडते. लेकीला बोलून सुनेला लावणं ही म्हणींची खरी कामगिरी आहे. म्हणजे म्हण उच्चारणाऱ्याला काहीतरी हवं असतं, काहीतरी लपवायचं असतं, आणि ऐकणाऱ्यांत एक तरी असा असतो ज्याला ती लागते. नाटकाला याहून वेगळं काय लागतं?

हे नुसतं सांगून पटणार नाही. एक प्रसंग घेऊ आणि त्याचे खर्डे करून पाहू. तात्या हे निवृत्त गृहस्थ, सोसायटीचे खजिनदार. त्यांच्याकडे त्यांचा भाचा निखिल दोन दिवसांसाठी म्हणून आला आणि त्याला सहा महिने झाले. तात्यांना तो घरातून जायला हवा आहे, पण बहिणीच्या मुलाला जा म्हणणार कसं? मामीचा त्याच्यावर जीव आहे. म्हण उघडच समोर दिसते : आयत्या बिळावर नागोबा. पहिला खर्डा बहुतेक असा उतरतो.

तात्या : निखिल, दोन दिवसांसाठी आलास, सहा महिने झाले. म्हणतात ना, आयत्या बिळावर नागोबा! माणसानं स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकावं.

निखिल : (मान खाली घालून) चुकलं मामा.

यात भाषेची चूक एकही नाही, आणि तरीही प्रसंग मेला आहे. कारण तात्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. जो पूर्णपणे बरोबर असतो त्याच्या तोंडची म्हण निकालपत्रासारखी वाजते. शिवाय म्हणीनंतर तिचा अर्थही त्यांनीच सांगून टाकला, त्यामुळे प्रेक्षकाला स्वतः जोडायला काही उरलं नाही. निखिलनं मान खाली घातल्यावर भांडणही संपलं. खरं म्हणजे सहा महिने जे तात्यांच्या ओठावर आलं नाही ते त्यांनी एका दमात बोलून टाकलं, म्हणजे नाटकाचा सगळा ताणच पहिल्या पानावर खर्च झाला.

आता म्हण तीच ठेवू, बोलणारा बदलू. ती निखिललाच देऊ. त्याआधी प्रेक्षकाला सहा महिन्यांचा हिशेब कळायला हवा, पण तोही संवादात सांगायचा नाही. पडदा उघडतो तेव्हा दारात कुरिअरवाला उभा आहे आणि तात्यांच्या पत्त्यावर निखिलच्या नावाची तीन पार्सलं आली आहेत. तात्या सही करून घेतात. निखिल तात्यांच्या आरामखुर्चीत तात्यांचं वर्तमानपत्र वाचतो आहे. तात्या स्टुलावर.

निखिल : मामा, जिन्याखाली वॉचमनचा मेहुणा महिनाभर मुक्काम ठोकून बसलाय. तुम्ही खजिनदार ना? बोलत कसे नाही काही?

तात्या : काय बोलू?

निखिल : काय म्हणजे? आयत्या बिळावर नागोबा! (आत बघून) मामी, पोहे आहेत का अजून?

मामी : आहेत रे.

तात्या : सगळे दे त्याला.

इथे म्हणीचा अर्थ कुणी समजावत नाही, आणि जिला अजून ती म्हण नीट माहीत नाही अशी सोळा वर्षांची मुलगीही हसते. वॉचमनच्या मेहुण्याचं वर्णन ऐकता ऐकता तिला खुर्चीतला निखिल दिसत असतो. बोलणाऱ्याला स्वतःची म्हण स्वतःला लागते आहे हे कळत नाही, समोरच्याला कळतं पण बोलता येत नाही, आणि प्रेक्षकाला दोघांचंही कळतं. या तीन पातळ्या एकाच वेळी उभ्या राहिल्या की हशा येतो. उपदेशात पातळी एकच असते.

पोह्यांचं वाक्य नेमकं कुठे आहे ते पाहण्यासारखं आहे. म्हणीच्या आधी पोहे मागितले असते तर हशा अर्ध्यावर आला असता, कारण मग म्हण हे केवळ सिद्ध झालेल्या गोष्टीचं शीर्षक ठरलं असतं. म्हणीनंतर लगेच, श्वासही न घेता मागितले की बोलणं आणि वागणं एकमेकांवर आदळतं. म्हणीनंतर स्पष्टीकरण नको, पण म्हणीला खोटं पाडणारी कृती हवी. निखिलचं काम करणारा नट म्हण ठासून म्हणायला लागला, तिच्यावर थांबला, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिला, की हे सगळं बिघडतं. त्याच्या दृष्टीनं तो सोसायटीच्या शिस्तीबद्दल पोटतिडकीनं बोलतो आहे आणि त्याला भूकही लागली आहे. दोन्ही गोष्टी त्यानं सारख्याच खरेपणानं बोलायला हव्यात.

या प्रवेशातून हशा मिळाला, पण त्याचं खरं काम पेरणीचं आहे. पाऊण तासाच्या एकांकिकेत ही म्हण पहिल्या आठ-दहा मिनिटांत एकदा, पूर्ण आणि स्पष्ट ऐकू गेली की पुढे ती पुन्हा उच्चारायची गरज पडत नाही. आता नागपंचमी आणू. श्रावणातल्या शुद्ध पंचमीला घरात काही चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून पुरणाची दिंडं उकडतात. मामीनं पाटावर गंधानं नागोबा काढला आहे, समोर दूध-लाह्या ठेवल्या आहेत, दिंडांचं ताट आणून ठेवलं आहे आणि ती तूप आणायला आत गेली आहे. तात्या वर्तमानपत्र वाचताहेत, कारण निखिल आत्ताच उठला आहे आणि आज खुर्ची मोकळी मिळाली आहे. निखिल येतो, एक दिंड उचलतो, दुसरं उचलतो. मामी बाहेर येते.

मामी : अरे अरे, काय केलंस हे! नागोबाचा नैवेद्य होता तो!

(तात्या वर्तमानपत्र हळूच खाली घेतात.)

तात्या : मग पोचला की.

इथे ‘बिळ’ नाही, ‘आयतं’ नाही, म्हणीतला जो एक शब्द आहे तो मामीच्या तोंडी आहे आणि तिला तो केवळ पूजेच्या अर्थानं म्हणायचा आहे. म्हण प्रेक्षकाच्या डोक्यात पूर्ण होते. आपण ती स्वतः पूर्ण केली याचा त्याला आनंद होतो आणि तो आनंदच हसण्यातून बाहेर पडतो. तात्यांचं वाक्य मी जर ‘मग योग्य त्या नागोबालाच पोचला’ असं लिहिलं, तर अर्थ तोच, पण हशा निम्मा. प्रेक्षकाच्या हातातलं काम मी काढून घेतलेलं असतं. मामीचा रागही खरा हवा. तीही टोमणा मारते आहे अशी शंका जरी आली, तरी दोघं मिळून एका पोराला बोलताहेत असं चित्र होतं आणि आपण पुन्हा पहिल्या खर्ड्याकडे सरकतो. मामीला खरंच देवाचा नैवेद्य उष्टा झाल्याचं दुःख आहे, म्हणूनच तात्यांचं वाक्य मोकळेपणानं उडी मारू शकतं.

सहा महिने न बोललेले तात्या या तीन शब्दांत बोलले आहेत. तरीही उद्या बहिणीनं विचारलं तर ‘मी कुठे काय म्हणालो?’ असं ते सांगू शकतात. म्हणीची घरातली सोय ती हीच.

पात्रानं उपदेश करूच नये असं मात्र नाही. उपदेश करणारं माणूस रंगमंचावर फार उपयोगाचं असतं, फक्त त्या उपदेशाचा पराभव व्हायला हवा. तात्या आणि निखिल यांच्यातच एक मधला प्रवेश घालू. निखिलच्या खरेद्या पाहून तात्या कळवळून सांगतात.

तात्या : अरे, अंथरूण पाहून पाय पसरावेत माणसानं.

निखिल : तसेच पसरले मामा. पाय बाहेर येत होते. म्हणून मोठं अंथरूण मागवलंय.

(दोन हमाल सोफा-कम-बेड घेऊन आत येतात.)

हमाल : पैसे मामा देणार ना?

निखिलनं म्हण नाकारली नाही, चुकीचीही म्हटली नाही. त्यानं ती मान्य केली आणि आपल्या गरजेप्रमाणे तिचा अर्थ लावला. मोडतोड केलेल्या म्हणी हल्ली बऱ्याच संहितांत दिसतात, इंग्रजी माध्यमातल्या मुलाच्या तोंडी तर हमखास. त्यातल्या बहुतेक मला स्वस्त वाटतात, कारण चूक केवळ अज्ञानाची असते आणि आपण त्या पोराला हसतो. चुकीमागे इच्छा असेल तर गोष्ट वेगळी. निखिलला पलंग हवा आहे, म्हणून त्याला म्हण तशी ऐकू येते. मग हसू अज्ञानाला येत नाही, त्याच्या स्वार्थी तर्काला येतं, आणि तो तर्क आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा असतो.

शब्दशः अर्थ घेण्याची ही युक्ती आपल्या तमाशात मुरलेली आहे. बतावणीत सोंगाड्या समोरच्याचा शब्द पकडतो आणि वाक्प्रचार सरळ वस्तूवर आणून ठेवतो. वगातल्या राजा, प्रधान, हवालदारांची अर्धी भाषा अशीच चालते. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यानं १९६५ साली हाच बाज शहरी प्रेक्षकांपर्यंत नेला आणि त्यातल्या हवालदाराच्या भूमिकेनं दादा कोंडके घराघरात पोचले. या परंपरेतून लेखकानं उचलायची गोष्ट म्हणजे शब्दशः अर्थ घेणाऱ्याची गरज. समजा, मालक घरात येऊन ओरडतो, ‘तो माझ्या हातावर तुरी देऊन पळाला!’ आणि नोकर विचारतो, ‘किती किलो?’ नोकर नुसता वेडा असेल तर हा विनोद एकदाच चालतो. पण दोन प्रवेशांपासून तो उपाशी आहे, मालक डाळीला पैसे देत नाही आणि चूल थंड आहे हे आपल्याला माहीत असेल, तर त्याच्या कानांनी तुरीच ऐकणं साहजिक आहे. मग मालकाचा संताप आणि नोकराची आशा एकाच वाक्यावर समोरासमोर येतात.

म्हण आणि वाक्प्रचार यांना लिहिताना वेगळी वागणूक द्यावी लागते ती इथे. वाक्प्रचार वाक्यात विरघळतो, काळ आणि पुरुष बदलतो, त्यामुळे तो शब्दशः पकडायला सोपा असतो. म्हण मात्र अखंड असते आणि तिचे बहुधा दोन तुकडे पडतात. नाचता येईना, अंगण वाकडं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पहिला तुकडा ऐकला की दुसरा कानात आपोआप वाजतो. म्हणून अर्धी म्हण संवादात फार ताकदीची असते. एकानं ‘नाचता येईना’ म्हणून थांबावं आणि दुसऱ्यानं लगेच ‘अंगणाचं काम पुढच्या महिन्यात काढतोय’ म्हणावं, म्हणजे दुसरा तुकडा कुणी न बोलताही खोलीत हजर असतो. उच्चारही बोलीतलाच हवा. पुस्तकातलं ‘वाकडे’ आणि ‘कार्टे’ पात्राच्या तोंडी आलं की नट लगेच पाठांतराच्या सुरात जातो. कोकणातल्या पात्राला पुण्याची म्हण आणि पुण्याच्या पात्राला वऱ्हाडी म्हण देतानाही हेच जपावं लागतं. संहितेत जसं बोलतात तसं लिहावं, प्रमाण रूपाचा आग्रह तिथे कामाचा नाही.

म्हणी शोधायला दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा’सारखं साधन आपल्याकडे आहे आणि ते चाळण्यात फार सुख आहे. पण त्यातच एक धोका आहे. कोश उघडा असला की एका पानावर चार म्हणी याव्यात असं वाटू लागतं. तात्या-निखिलच्या गोष्टीत ‘कामापुरता मामा’ तर हाक मारून बोलावते, कारण मामा आहेच. नागपंचमीच्या प्रवेशात ती घातली की लोक एका म्हणीवरून दुसरीवर उडी मारतात आणि नैवेद्याचा विनोद विरतो. एका प्रवेशात एकच म्हण हा मी पाळलेला नियम आहे. ‘कामापुरता मामा’ घालायचीच असेल तर तिला स्वतःचा प्रवेश द्यावा. निखिलला नोकरी लागते, तो घर सोडून जातो, तीन महिने फोन नाही, आणि एका सकाळी फोन वाजतो. तात्या उचलतात, पलीकडून ‘मामा!’ अशी गोड हाक येते आणि तात्या काही न बोलता चेकबुक शोधायला लागतात. इतकं पुरे आहे.

शब्द हरवलेल्या म्हणींचं काय करायचं, हा प्रश्न रास्त आहे. ‘बैल गेला नि झोपा केला’ यातला झोपा म्हणजे गोठ्याचं कुडाचं दार, पण शहरातल्या पुष्कळ तरुणांना त्यात झोप ऐकू येते. अशा वेळी अर्थ सांगणारं वाक्य घालण्यापेक्षा प्रसंगानं अर्थ सांगावा. सोसायटीतल्या सायकली चोरीला गेल्यावर रिकाम्या स्टँडवर तात्या अभिमानानं कॅमेरा बसवून घेताहेत आणि मामी खिडकीतून बघत ती म्हण पुटपुटते. झोपा म्हणजे काय ते कुणाला कळलं नाही तरी काय झालं ते कळतं. पण अर्धी म्हण किंवा न उच्चारलेली म्हण असं नाजूक काम करायचं असेल, तर शब्द हरवलेली म्हण घेऊ नये. तिथे नागोबा, अंगण, अंथरूण असे जिवंत शब्दच उपयोगी पडतात.

एक मोठा गठ्ठा मात्र मी बाजूला ठेवतो. आपल्या म्हणींमध्ये जातींना, विधवांना, अपंगांना हिणवणाऱ्या म्हणी बऱ्याच आहेत. त्यांना हशा मिळतोही, आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका माणसाचा चेहरा उतरतो. अशी म्हण वापरायचं एकच कारण मला मान्य आहे : ती बोलणारा त्या प्रवेशात उघडा पडत असेल, हसू त्याच्यावर वळत असेल आणि ज्याच्यावर ती फेकली त्याला उत्तराची संधी असेल. जातिवाचक म्हणींच्या बाबतीत तेवढंही पुरत नाही. लोकांच्या लक्षात शेवटी म्हण राहते, प्रवेश राहत नाही. त्या मी लिहीत नाही आणि कुणाच्या संहितेत आल्या तर काढायला सांगतो.

खर्डा झाला की पहिल्या वाचनातच बरंच कळतं. संहितेतल्या म्हणींवर पेन्सिलनं रेघ मारून नटांना त्या वगळून वाचायला सांगावं. म्हण काढल्यावर पुढचं वाक्य तसंच्या तसं जोडलं गेलं, कुणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही, तर ती म्हण दागिना होती, ती परत घालू नये. निखिलची म्हण काढली तर तात्यांचं ‘सगळे दे त्याला’ लटकं पडतं, म्हणजे ती तिथे काम करते आहे. ‘म्हणतात ना’, ‘जुनी माणसं सांगून गेली’, ‘आपल्याकडे म्हण आहे’ हे शब्द दिसले तर ते आधी खोडावेत. खोडल्यावरही म्हण उभी राहिली तर ठीक. म्हण म्हणताना नटाचा सूर वर चढत असेल तर दोष नटाचा असेलच असं नाही. बहुतेक वेळा त्या वाक्यात पात्राला काही हवंच नसतं, म्हणून नट बिचारा म्हणीलाच धरून बसतो.

तालमीत सगळ्यात जास्त वेळ मामीच्या वाक्यानंतरच्या पॉजला द्यावा. काही प्रयोगांत मामीचं ‘नागोबाचा नैवेद्य’ ऐकूनच प्रेक्षक आधी हसतात. तेव्हा तात्यांनी घाई करू नये. पहिलं हसू ओसरू लागलं, पण पुरतं थांबलं नाही, त्या क्षणी वर्तमानपत्र खाली यावं आणि वाक्य पडावं. हसू आलंच नाही तर उलट करावं : पॉज कमी, वर्तमानपत्राकडे बघत बघतच, सहज. आपण कोड्याचं उत्तर देतो आहोत असा आव आला की संपलं. तात्यांना मनापासून वाटतं आहे की नैवेद्य जिथे जायचा तिथे गेला, आणि त्यांना पुढची बातमी वाचायची आहे.